साठ जणींचे लाईक आणि कोरी ऑर्डरवही

«माझा कराडला घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. इन्स्टाग्रामवर खातं आहे. मे महिन्यात पुतण्याने बाराशे रुपयांत दहा हजार फॉलोअर आणून दिले. म्हणाला, आकडा मोठा दिसला की लोक विश्वास ठेवतात. जूनपासून मी उद्योजिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. आम्ही साठ जणी आहोत. कुणी काही टाकलं की लिंक ग्रुपवर येते, मग सगळ्यांनी दहा मिनिटांत लाईक द्यायचं आणि चार शब्दांची तरी कॉमेंट करायची. आता माझ्या प्रत्येक रीलला सत्तरच्या वर लाईक येतात, पण ऑर्डर जवळजवळ थांबल्या आहेत. ऑगस्टमध्ये दोन हजार भरून एक रील बूस्ट केलं, त्यातून एकही ऑर्डर आली नाही. ग्रुप सोडला तर आहेत ते लाईकही जातील. खातं बंद करून नवीन काढू, की दिवाळीपर्यंत असंच चालू ठेवू? इनसाइट्सचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.»
– एक वाचक, कराड

ताई, खातं बंद करू नका, आणि दिवाळीपर्यंत असंच चालूही ठेवू नका. ग्रुप मात्र याच आठवड्यात सोडा. लाईक जातील ही तुमची भीती खरी आहे. पुढचं रील पडेल तेव्हा सत्तरचे पंधरा झालेले दिसतील आणि जीव थोडा होईल. पण ते सत्तर लाईक तुमच्या रीलचं काय करत होते, हे तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये लिहिलेलं आहे, तेवढं आधी वाचू.

तुम्ही दोन रीलचे आकडे पाठवलेत. पहिलं मार्चमधलं. त्यात तुमच्या सासूबाई अंगणात बसून मिरचीचे देठ काढतायत आणि बेडगी कुठली, लवंगी कुठली, संकेश्वरी कशासाठी घालायची हे सांगतायत. ते पंचेचाळीस सेकंदांचं रील 2,900 जणांपर्यंत पोचलं. लाईक 41. सेव्ह 52. दुसऱ्याला पाठवलं 38 वेळा. सरासरी 17 सेकंद पाहिलं गेलं. दुसरं ऑगस्टमधलं, चाळीस सेकंदांचं, पाकिटं भरून ठेवलेली, मागे गाणं. पोचलं 310 जणांपर्यंत. लाईक 72, कॉमेंट 58. सेव्ह एक, पाठवलं शून्य वेळा, सरासरी 4 सेकंद.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मार्च-एप्रिल हा मसाल्याचा हंगाम. घरोघरी वर्षाचं तिखट करायचं चाललेलं असतं, कांडपाला नंबर लागलेले असतात. ऑगस्टच्या पावसात मसाला कोण शोधतंय? आणि सासूबाई पाकिटांपेक्षा बघणेबल आहेत, हेही उघड आहे. म्हणजे 2,900 वरून 310 ही सगळी घसरण मी ग्रुपच्या माथी मारणार नाही. पण हंगाम गेला की लाईकसुद्धा उतरायला हवे होते. इथे लाईक जवळपास दुप्पट झालेत आणि बाकी सगळं आटलंय. एवढा आडवा-उभा फरक पावसाने पडत नाही.

आता इन्स्टाग्रामचं काम कसं चालतं ते बघा. रील टाकलं की ते तुमच्या सगळ्या फॉलोअरना दाखवलं जातं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. कंपनीने स्वतःच 2024 साली सांगितलंय की रील आधी थोड्या लोकांपुढे ठेवून बघितलं जातं. त्यांना ते आवडेल असं यंत्रणेला वाटतं म्हणून ते निवडलेले असतात, मग ते तुम्हाला फॉलो करोत न करोत. त्यांनी ते कसं घेतलं त्यावर पुढचा, जरा मोठा घोळका ठरतो, मग त्याच्या पुढचा. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये यात सगळ्यात वजनदार काय तेही सांगितलं: किती वेळ पाहिलं, पाहणाऱ्यांपैकी कितींनी लाईक केलं आणि पाहणाऱ्यांपैकी कितींनी दुसऱ्याला पाठवलं. त्यातही लाईकचं वजन आहे त्या फॉलोअरपर्यंत पोचताना जास्त, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचताना पाठवण्याचं.

हा शेवटचा भाग पुन्हा वाचा, कारण तुमचं नवं गिऱ्हाईक त्या अनोळखी लोकांत आहे.

तुमच्या आकड्यांवर हे लावून बघू. ऑगस्टच्या रीलला शंभर पाहणाऱ्यांमागे तेवीस लाईक पडले, मार्चच्या रीलला शंभरामागे दीडसुद्धा नाही. नुसते लाईक मोजले तर ऑगस्टचं रील सोळापट भारी ठरतं. पण पाठवणं? मार्चमध्ये दर हजारामागे तेरा जणांनी ते मैत्रिणीला, बहिणीला, जावेला पाठवलं. ऑगस्टमध्ये कुणीच नाही. आणि पाहण्याचा वेळ सतरावरून चार सेकंदांवर आला.

हे चार सेकंद कुठून आले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ग्रुपवर लिंक आली की तुम्ही स्वतः काय करता? उघडता, दोनदा टिचकी मारता, «खूप छान ताई, मस्तच» लिहिता आणि मागे येता, कारण खाली अजून सहा लिंका वाट बघत असतात. बाकीच्या एकोणसाठ जणीही तेच करतात. कुणाचं वाईट नाही त्यात, पण यंत्रणेला दिसतं ते असं: रील पडलं की पहिल्या दहा मिनिटांत साठ माणसं धावत आली, लाईक ठोकलं आणि रीलच्या दहाव्या भागातच उठून गेली. ज्यांना सगळ्यात जास्त आवडलं असं तिला सांगितलं जातंय, तेच सगळ्यात कमी थांबतायत. अशा रीलला पुढचा घोळका मिळायचा कसा?

याहून खोल नुकसान वेगळंच आहे आणि ते एका रीलपुरतं नसतं. तुमचं खातं कुणाला दाखवायचं हे ठरवताना यंत्रणा बघते की आजवर तुमच्याकडे कोण आलं, ते आणखी काय बघतात आणि त्यांच्यासारखे कोण आहेत. तुमच्या ग्रुपात केक करणाऱ्या आहेत, ब्यूटी पार्लरवाल्या आहेत, विमा एजंट आहेत, ब्लाउज शिवणाऱ्या आहेत. गेले तीन महिने या सगळ्या रोज तुमच्या मसाल्यावर धावून येतायत. मग यंत्रणेचा असा ग्रह झाला, की हा मसाला म्हणजे घरून धंदा करणाऱ्या बायकांच्या आवडीची वस्तू आहे, तर यात तिची चूक नाही. ती तुमचं रील तशाच आणखी बायकांपुढे ठेवते. पुण्यात नोकरी करणारी, आईच्या हातचा कांदा-लसूण मसाला संपला म्हणून हळहळणारी साताऱ्याची मुलगी तुमच्या रांगेतून बाहेर पडली. तुमची खरी गिऱ्हाईक ती होती.

आणि एक हिशेब असाच करून ठेवला. ग्रुपातल्या प्रत्येकीने आठवड्याला तीनच गोष्टी टाकल्या असं धरलं, तरी तुम्हाला 177 लिंका उघडाव्या लागतात. एकीला अर्धा मिनिट म्हटलं तरी दीड तास होतो. दीड तासात किती पाकिटं सील होतात ते तुम्हीच सांगा.

आता त्या दहा हजारांकडे. इथे लोक जे सरसकट सांगतात ते मी सांगणार नाही. «मेलेले फॉलोअर तुमचा रीच मारतात» हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी ऐकलं असेल. त्यात अर्धंच तथ्य आहे. ज्या खात्यामागे माणूसच नाही, ते ॲप उघडत नाही, म्हणून ते तुमच्या रीचमध्ये मोजलंही जात नाही. लाईकचं आणि पाठवण्याचं प्रमाण पाहणाऱ्यांवर काढलं जातं, फॉलोअरवर नाही. त्या मानाने तुमची साठ जिवंत माणसं दहा हजार मढ्यांपेक्षा जास्त घात करतायत. पण विकत आणलेली सगळीच खाती मेलेली नसतात. हा माल जिथून येतो त्याला धंद्यातले लोक «पॅनल» म्हणतात. काही खाती यंत्राने तयार केलेली असतात, काही कुणाची तरी चोरलेली, आणि काही खऱ्या माणसांची, जी एखाद्या ॲपवर नाणी मिळवण्यासाठी दिसेल त्याला फॉलो करतात. ही तिसऱ्या जातीची माणसं तुमचं रील कधीमधी बघतात आणि त्यांना मराठी कळत नाही, म्हणून लगेच पुढे सरकतात.

खरा खड्डा तुमच्या दोन हजार रुपयांत आहे. बूस्ट करताना «कुणाला दाखवायचं» हे विचारणारा पडदा येतो. त्यात आपोआप निवडीचा पर्याय असतो, `Automatic` नावाचा, आणि त्याच्याखालीच लिहिलेलं असतं की तुमच्या फॉलोअरसारख्या लोकांना दाखवू. तुम्ही तोच ठेवलाय, स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय. आता तुमच्या फॉलोअरची शहरं बघा: पहिली तीन परदेशातली, कराड चौथं, पुणे पाचवं. म्हणजे तुम्ही दोन हजार रुपये देऊन सांगितलंत, की या दहा हजार बिनचेहऱ्याच्या खात्यांसारखी आणखी माणसं शोधून आण. जाहिरात तिच्या परीने चोख चालली. नमुनाच खोटा दिला होता. बाराशे रुपये एकदाच गेले, पण हा नमुना साफ होईपर्यंत प्रत्येक आपोआप बूस्टमध्ये गळती चालूच राहील.

«आकडा मोठा दिसला की विश्वास बसतो» या पुतण्याच्या म्हणण्यावरही थोडं. नवख्या माणसाला क्षणभर वाटतं तसं, नाकारत नाही. पण ज्याच्याकडून तुम्हाला मोठी ऑर्डर हवी तो नवखा नसतो. दोन वर्षांपूर्वी एका साडीवाल्यांचं खातं मी बघायचो. माझ्या आधीच्या माणसाने त्यांनाही असेच फॉलोअर आणून दिले होते. मुंबईच्या एका प्रदर्शनवाल्या बाईंनी त्यांचं खातं उघडलं, फॉलोअर पाहिले, मग रीलखालचे व्ह्यू पाहिले आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, «तुमचे तीस हजार लोक कुठे गेलेत हो?» स्टॉल मिळाला नाही. त्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. अकरा हजारांवर फॉलोअर आणि रीलला तीनशे माणसं हे गणित आता दुकानदारालाही जमतं.

शिवाय हा माल टिकत नाही. इन्स्टाग्रामने डिसेंबर 2014 मध्ये बनावट खात्यांची पहिली मोठी झाडझूड केली, तेव्हा जस्टिन बीबरसारख्याचे एका फटक्यात पस्तीस लाखांच्या आसपास फॉलोअर गेले. नोव्हेंबर 2018 पासून तर बाहेरच्या ॲपमधून आलेले खोटे लाईक, फॉलो आणि कॉमेंट काढून टाकायचं कंपनीने जाहीरच केलं. आपल्याकडे जुलै 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट फॉलोअर विकणाऱ्या एकाला पकडलं. एका गायिकेच्या नावाने कुणीतरी खोटं खातं उघडलंय, या तक्रारीतून तो धागा सापडला होता. हा माल विकणारी माणसं कोण असतात, एवढं त्यावरून कळावं.

तर आता साफसफाई. क्रमाने जा.

सगळ्यात आधी पुतण्याला एकच प्रश्न विचारा: पासवर्ड कुणाला दिला होता का? पॅनलला नुसतं खात्याचं नाव पुरतं. पण कुठल्या ॲपमध्ये तुमच्या खात्याने लॉगिन केलं असेल, तर आजच पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी चालू करा, आणि सेटिंगमध्ये `Where you're logged in` इथे जाऊन अनोळखी फोन दिसेल तो काढून टाका. मग तिथेच सेटिंगमध्ये `Account Status` उघडा. तुमचा मजकूर अनोळखी लोकांना सुचवला जाऊ शकतो की नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. हिरवी खूण असेल तर कंपनीने तुम्हाला शिक्षा केलेली नाही. जे झालंय ते वर सांगितलेल्या कारणांनी झालंय आणि ते उलटवता येतं. लाल काही दिसलं तर तिथेच कारण आणि फेरविचाराचं बटण असतं.

मग फॉलोअरची यादी. काही खात्यांना यादीच्या वरच संशयास्पद फॉलोअरचा वेगळा कप्पा दिसतो आणि तिथून ते एकगठ्ठा काढता येतात. तुम्हाला दिसत असेल तर काम एका दुपारचं आहे. दिसत नसेल तर हाताने वेचावं लागेल, तांदळातले खडे वेचतो तसं. ओळखायची खूण सोपी: फोटो नाही, नावात आकड्यांची शेपटी, स्वतःची पोस्ट एकही नाही, आणि ते मात्र हजारो जणांना फॉलो करतंय. एका खात्याला जास्तीत जास्त 7,500 जणांना फॉलो करता येतं. त्या मर्यादेला जाऊन टेकलेलं खातं दिसलं की बेलाशक काढा. काढलेल्याला कळत नाही, म्हणून संकोच नको. शंका आली आणि नाव मराठी दिसलं तर मात्र ठेवा. आपल्याकडे फोटो न लावणाऱ्या मावश्या पुष्कळ आहेत आणि मसाला त्याच घेतात.

दिवसाला शंभराच्या पुढे जाऊ नका. फार वेगाने केलं तर यंत्रणेला तेही यंत्राचं काम वाटतं आणि ती थोडा काळ हात बांधून ठेवते. या वेगाने शंभर दिवस लागतील, म्हणजे दिवाळीपर्यंत संपणार नाही. हरकत नाही. काही आपोआपही गळतील. गळाले की पॅनलवाला पुतण्याला मेसेज करेल, कारण ही मंडळी «रिफिल»ची हमी देतात, म्हणजे जेवढे गळाले तेवढे फुकट भरून द्यायची. ते घेऊ नका म्हणून त्याला आत्ताच बजावून ठेवा. आणि «एका क्लिकमध्ये सगळे खोटे फॉलोअर काढा» म्हणणारी ॲप पासवर्ड मागतात. त्यांना दाराबाहेरच ठेवा.

नवीन खातं का नको, ते यातूनच येतं. तुमचे खरे फॉलोअर तेराशे-चौदाशे तरी आहेत. खात्याचं नाव पाकिटावर छापलंय. मार्चमधलं ते रील याच खात्यावर आहे आणि लोकांनी ते सेव्ह करून ठेवलंय. पुढच्या उन्हाळ्यात मसाला करायला बसताना त्या बावन्न जणी ते पुन्हा उघडतील. समजा खरे फॉलोअर शे-दोनशेच असते, तर मी नवीन काढा म्हटलं असतं.

ग्रुपचं काय? तिथे मैत्रिणी झाल्या असतील, गुपचूप निघून जाऊ नका. सरळ लिहा की लिंकांचं मला जमत नाही, पण कुणाला मसाला हवा असेल तर आहे. साठांतल्या पाच-सहा जणी मात्र तुमच्या कामाच्या आहेत आणि त्यांना लाईकमध्ये वाया घालवू नका. बघायचं एवढंच, की हिचं गिऱ्हाईक आणि माझं गिऱ्हाईक एकच घर आहे का? केकवाली बाई कितीही गोड असली तरी नाही. पण पापड-कुरडयावाली आहे, लाकडी घाण्याचं तेल काढणारी आहे, ज्वारीच्या भाकरी पोचवणारी आहे. तेलवालीला पाव किलो मसाला द्या, तिचं तेल घ्या, आणि दोघी मिळून एक रील करा: त्या तेलात, तुमच्या मसाल्याची, झणझणीत आमटी. टाकताना कोलॅब म्हणून टाका. मग ते एकच रील दोघींच्या खात्यावर राहतं आणि तिच्या तेलाच्या गिऱ्हाइकांपर्यंत जातं. ग्रुपातली देवाणघेवाण हीच होती, फक्त तिथे गिऱ्हाईक सोडून बाकी सगळ्याची होत होती.

आता काय टाकायचं. तुम्हाला उत्तर मार्चमध्येच मिळालंय, तुम्ही ते सोडून पाकिटांकडे गेलात. ते रील 38 जणींनी पुढे का पाठवलं? कारण त्यात दुसरीला सांगावं असं काहीतरी होतं. «बघ, आपण मागच्या वेळी संकेश्वरी जास्त घातली म्हणून ठसका बसला.» पाकिटाचं रील पाठवायला कारणच नाही. टाकण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे बघून कोण कुणाला पाठवेल आणि वर काय लिहील? ते वाक्य सुचलं नाही तर ते रील राहू द्या.

पावसाळ्यातही अशा गोष्टी आहेत. मसाल्याला जाळी लागली किंवा गुठळ्या झाल्या तर कुठे चुकलं. वर्षभराचा मसाला बरणीत भरताना हिंगाचे खडे कुठे ठेवतात. दुकानी तिखट आणि घरचं तिखट यांचा कट वेगळा का येतो. परगावी राहणाऱ्या मुलाला एका चमच्यात कांद्याची आमटी कशी होईल. हे शेवटचं आधी करा. ते बघून आई मुलाला पाठवते आणि मुलगा तुम्हाला मेसेज करतो. सासूबाई तयार असतील तर त्यांनाच बोलू द्या, आणि पहिल्या दोन सेकंदांत नमस्कार-चमत्कार न करता थेट बरणीत हात घाला. लोक तिथेच थांबतात नाहीतर तिथेच जातात. आठवड्याला दोन पुरेत.

निकाल लगेच दिसेल असं समजू नका. ग्रुप सोडल्यावर पहिली तीन-चार रील अगदीच सुनी जातील. माझ्या अनुभवात यंत्रणेचा जुना ग्रह सुटायला सहा ते आठ आठवडे जातात, कधी जास्त. तोवर लाईककडे बघूच नका. प्रत्येक रीलचे तीनच आकडे वहीत लिहा: सरासरी किती सेकंद पाहिलं, किती वेळा पाठवलं, आणि पाहणाऱ्यांत फॉलोअर नसलेले किती टक्के. पहिले दोन आधी हलतात, तिसरा मागून येतो. पाठवणं वाढतंय आणि रीच अजून शंभर-दीडशेच आहे, असा एक टप्पा येईल. तिथे घाबरून पुन्हा लिंक टाकायला जाऊ नका, गाडी बरोबर रस्त्यावर आहे.

दिवाळीसाठी मात्र इन्स्टाग्रामवर विसंबू नका, वेळ कमी आहे. तुमच्या ऑर्डरवहीत गेल्या दोन वर्षांची नावं आहेत. व्हॉट्सॲपवर त्यांना एकेकीला विचारा, «मागचा मसाला किती महिने पुरला? तिखट वाटला का?» विकायचं काही लिहू नका. निम्म्याजणी उत्तर देताना स्वतःच सांगतील की संपत आलाय. ब्रॉडकास्ट लिस्ट करायची असेल तर एक लक्षात ठेवा: तो मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून प्रत्येक पाकिटावर पत्त्याशेजारी «नंबर सेव्ह करा» एवढं छापून घ्या. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर पाकिटावर असेलच, तोच खात्याच्या माहितीतही घाला. दहा हजारांच्या आकड्यापेक्षा अनोळखी बाईला त्याने जास्त धीर येतो.

बूस्ट पुन्हा करायचंच असेल तर यादी साफ होईपर्यंत आपोआप पर्यायाला हात लावू नका. स्वतः निवडा: कराड, सातारा, पुणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई, म्हणजे जिथे आपल्याकडची माणसं नोकरीला आहेत तिथे. उद्दिष्ट मेसेज येणं हे ठेवा. आणि बूस्ट करायचं ते आधीच बिनपैशाने पाठवलं गेलेलं रील, पडलेलं नव्हे. पाचशे रुपयांपासून सुरू करा, चार दिवस चालवा. किती जणी बोलल्या आणि त्यातल्या कितींनी पैसे भरले ते लिहा. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च पाकिटावरच्या तुमच्या नफ्याहून जास्त निघाला तर थांबा.

शेवटी त्या ऑर्डरवहीत एक रकाना वाढवा: «कुठून कळलं». प्रत्येकीला फोनवर विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहा, «जावेने व्हिडिओ पाठवला», «ऑफिसात डब्यात खाल्ला», «तेलवाल्या ताईंकडे». दोन महिन्यांनी तो रकाना आणि नवे स्क्रीनशॉट पाठवा. पुतण्याला रागावू नका. त्याला आकडे आवडतात, तर फॉलोअर वेचायचं काम त्यालाच द्या, रोज शंभर.